परिसंवादाच्या संवादकाची संहिता कशी लिहावी: दुवे, वेळेच्या सूचना आणि उपप्रश्न

परिसंवादात संवादक म्हणून बोलावणे आले, की बहुतेक जण वक्त्यांचे परिचय आणि दहा-बारा प्रश्न लिहून नेतात. मीही पहिल्या वेळी तेच केले होते. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात ‘ऊस आणि पाणी’ या विषयावर परिसंवाद होता. पहिले वक्ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता होते. चार मिनिटांऐवजी ते अकरा मिनिटे बोलले, आणि त्या अकरा मिनिटांत मी पुढचा कागद शोधत होतो. ते थांबल्यावर मी घरून लिहून आणलेले वाक्य वाचले: “आताच आपण ऐकले, की धरणात पाणीच पुरेसे नाही. आता शेतकऱ्यांची बाजू ऐकू या.” अभियंता मात्र नेमके उलट बोलले होते. पाणी आहे, पण त्याचे वाटप बिघडले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मागच्या रांगेतून “असे कोण म्हणाले?” असा प्रश्न आला आणि सभागृह हसले.

पुढच्या वर्षी त्याच सभागृहात, त्याच विषयावर, पुन्हा बोलावणे आले. त्या वेळी संहिता वेगळ्या पद्धतीने लिहिली. तीच पद्धत येथे त्या कार्यक्रमाच्या तपशिलांसह दिली आहे. येथे मी संवादक म्हणतो तो सूत्रसंचालकाहून वेगळा असतो. दीपप्रज्वलन, सत्कार, आभार यांची निवेदने सूत्रसंचालक करतो. संवादकाकडे व्यासपीठावरची चर्चा सोपवलेली असते. आपल्याकडे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीच्या गळ्यात घालण्याची पद्धत आहे. शक्य असेल तर ती नम्रपणे नाकारावी, कारण शाल-श्रीफळाची यादी सांभाळणाऱ्या माणसाला वक्ता काय बोलतो आहे, याकडे लक्ष देता येत नाही.

१. प्रश्नांच्या आधी वेळेचा हिशेब मांडा

पत्रिकेवर ‘सायंकाळी ५.३० ते ७’ असे छापलेले होते. नव्वद मिनिटे दिसतात खरी, पण स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक यांना पंधरा मिनिटे द्यावी लागतात. त्यामुळे चर्चेला पंचाहत्तर मिनिटे धरली. वक्ते चार होते: निवृत्त अभियंता, ऊस उत्पादक शेतकरी, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि ऊस मोडून तूर व डाळिंबाकडे वळलेल्या एक शेतकरी ताई. वेळेची मांडणी अशी केली:

- ० ते ३ मिनिटे: संवादकाची प्रस्तावना आणि नियमांची घोषणा
- ३ ते १९: पहिली फेरी, प्रत्येकी चार मिनिटे
- १९ ते ३७: दुसरी फेरी, पाण्याचे मोजमाप आणि ठिबक
- ३७ ते ५३: तिसरी फेरी, उसाऐवजी काय
- ५३ ते ७०: श्रोत्यांचे प्रश्न
- ७० ते ७५: प्रत्येकी एक मिनिट समारोप, आणि आभारासाठी हस्तांतर

या कागदावर घड्याळाची वेळ आधीच लिहू नका, कारण ठरलेल्या वेळी कार्यक्रम सुरू होत नाही. डाव्या बाजूला वरीलप्रमाणे शून्यापासून मोजलेली मिनिटे छापा आणि उजवी बाजू कोरी ठेवा. माईक हातात आला, की घड्याळ पाहून पेन्सिलने उजव्या बाजूला खऱ्या वेळा भरा. त्या दिवशी माझ्या हातात माईक ५.५८ ला आला. म्हणजे पत्रिकेप्रमाणे तेरा मिनिटे उशीर झाला होता, आणि सभागृह साडेसातला रिकामे करायचे होते. वेळा भरण्याच्या निमित्ताने लगेच कळले, की चर्चा ७.१३ ला संपेल आणि काही गाळण्याची गरज पडणार नाही.

उशीर जास्त झाला तर काय गाळायचे, हेही घरीच ठरवून ठेवावे. ज्या प्रश्नावाचून चर्चा अडणार नाही, त्याच्यापुढे चौकोन काढावा. माझ्या कागदावर दुसऱ्या फेरीत एक आणि तिसऱ्या फेरीत दोन चौकोन होते. एकोणिसाव्या, सदतिसाव्या आणि त्रेपन्नाव्या मिनिटाला घड्याळ पाहायचे, आणि चार मिनिटांपेक्षा जास्त मागे असलो तर पुढचा चौकोनातला प्रश्न सोडून द्यायचा, एवढाच नियम ठेवला. व्यासपीठावर बसल्यावर काय गाळावे याचा विचार सुचत नाही, आणि सुचला तर नेमका शेवटचा भाग, म्हणजे श्रोत्यांचे प्रश्न, कापला जातो. तालुक्याच्या गावी लोक त्या भागासाठीच थांबलेले असतात.

आणखी एक हिशेब करावा. मी व्यासपीठावर मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द बोलतो, हे घरी मोठ्याने वाचून मोजले आहे. तुम्हीही तुमचा वेग मोजा. चाळीस शब्दांचा दुवा म्हणजे वीस-बावीस सेकंद. पंचाहत्तर मिनिटांत असे चौदा-पंधरा दुवे येतात, त्यात प्रश्न, उपप्रश्न आणि प्रस्तावना मिळवली, की संवादकाचे एकूण बोलणे बारा मिनिटांच्या आसपास जाते. त्याहून जास्त लिहिले असेल, तर तुम्ही पाचवे वक्ते झालात असे समजावे.

२. वक्त्यांशी चार-पाच दिवस आधी फोनवर बोला

प्रत्येकाशी दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. पहिला प्रश्न काय असेल हे सांगून टाका, पण उपप्रश्न सांगू नका, नाहीतर उत्तरे पाठ करून आणली जातात. मी तीन गोष्टी विचारतो: तुमचा एकच मुद्दा लोकांच्या लक्षात राहायचा असेल तर तो कोणता, इतर तिघांपैकी कोणाशी आणि कशावरून तुमचे पटत नाही, आणि तुमच्या स्वतःच्या अनुभवातला एखादा आकडा कोणता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी पडते. शेतकी अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितले, की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची तक्रार खरी असली तरी ते स्वतः विहिरींवर ऊस घेतात. दुसरी फेरी त्या एका वाक्यावर उभी राहिली.

याच फोनवर मध्ये थांबवण्याची परवानगी मागून घ्यावी. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे तोडणे उद्धटपणाचे मानले जाते, आणि त्या संकोचातच निम्मे परिसंवाद लांबतात. “वेळ झाली तर मी मध्येच आपले नाव घेईन, चालेल ना?” असे आधी विचारलेले असले, की व्यासपीठावर कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

हाक कशी मारायची, हेही तेव्हाच विचारून कार्डावर लिहावे. आमच्या शेतकरी वक्त्यांना सारा तालुका आप्पा म्हणतो, म्हणून ते आप्पा राहिले. अभियंता आणि अधिकारी हे दोघे सर झाले. हाका वेगळ्या असल्या तरी चालतात, पण सर्वनाम एकच हवे. अधिकाऱ्याला ‘आपण’ आणि शेतकऱ्याला ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय आपल्या जिभेला नकळत लागलेली असते, आणि समोर बसलेल्या दोनशे शेतकऱ्यांना ती पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येते. मी सगळे प्रश्न एकदा केवळ सर्वनामे तपासण्यासाठी वाचतो. या वेळी सर्वांना ‘तुम्ही’ ठेवले.

३. दुवा अर्धाच लिहा

एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना संवादक जी दोन-तीन वाक्ये बोलतो, तो दुवा. माझी पहिल्या वर्षीची चूक अशी, की दुवा मी पूर्ण लिहिला होता. त्यात आधीचा वक्ता काय बोलेल याचा अंदाज होता, आणि तो चुकला. दुवा अजिबात लिहिला नाही, तर दुसरे टोक गाठले जाते: “खूपच छान विचार मांडलेत, धन्यवाद. आता आपण वळू या पुढच्या वक्त्यांकडे.” हे वाक्य कोणत्याही कार्यक्रमात, कोणत्याही दोन माणसांच्या मध्ये बसते, आणि त्यामुळे ते कशालाच जोडत नाही.

यावर उपाय असा, की दुव्याचे दोन भाग करावेत. मागचा भाग, म्हणजे आधीच्या वक्त्याचा संदर्भ, कोरा ठेवायचा. पुढचा भाग, म्हणजे कोणाला आणि काय विचारायचे, शब्दशः लिहायचा. कार्डावर तो असा दिसतो:

“सर म्हणाले, ‘__________’. आप्पा, तुमची जमीन टेलला आहे. गेल्या उन्हाळी आवर्तनात तुमच्या चारीत पाणी किती दिवस होते?”

कोऱ्या जागेत वक्ता बोलत असताना पेन्सिलने त्याचेच चार-पाच शब्द टिपायचे. सारांश लिहायचा नाही. सारांशात आपला अर्थ मिसळतो, आणि मग “मी असे म्हणालो नाही” हे ऐकून घ्यावे लागते. दुसऱ्या वर्षी अभियंत्यांच्या बोलण्यातून मी ‘हेडला मोजमापच नाही’ एवढे टिपले होते. दुवा आपोआप पूर्ण झाला, आणि आप्पांनी उत्तराची सुरुवातच “मोजमाप नाही हे सर म्हणतात ते खरे आहे, पण” अशी केली. दोन वक्ते एकमेकांशी बोलू लागले, की संवादकाचे काम हलके होते.

पुढचा भाग लिहिताना नाव आधी घ्यावे आणि प्रश्न नंतर. व्यासपीठावर चौघांत दोनच माईक असतात. नाव ऐकू आले, की माईक त्या दिशेने सरकू लागतो, आणि प्रश्न संपेपर्यंत तो योग्य हातात पोहोचतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने नाव शेवटी ठेवले, तर वक्त्याला आधी लांबलचक वाक्य आणि मग आपले नाव ऐकू येते. तोवर वाक्याचा आरंभ निसटलेला असतो आणि तो “काय म्हणालात?” असे विचारतो.

आधीचा वक्ता अपेक्षेप्रमाणे बोललाच नाही तर? त्यासाठी महत्त्वाच्या दुव्यांना दोन शेपट्या लिहाव्यात. अभियंत्यांनी वाटपाला दोष दिला, तर वर दिलेला प्रश्न. त्यांनी उसालाच दोष दिला, तर “आप्पा, ऊस सोडला तर पहिल्या वर्षी घरखर्च कशावर चालेल?” वक्ता बोलू लागल्यावर मिनिटाभरात कळते, की कोणती शेपटी लागणार. तिच्यापुढे खूण करून ठेवावी. सगळ्याच दुव्यांना दोन शेपट्या लिहीत बसू नये, कारण कार्डे वाढतात आणि शोधाशोध होते. मी चार ठिकाणी लिहिल्या होत्या, त्यांतल्या तीन उपयोगी पडल्या.

विषय बदलणारा दुवा मात्र पूर्ण लिहावा. दुसऱ्या फेरीतून तिसरीकडे जाताना श्रोत्यांना कळले पाहिजे, की एक प्रकरण संपले. “पाणी किती लागते यावर चौघांचे एकमत झाले नाही, आणि ते होईल अशी अपेक्षाही नव्हती. आता प्रश्न बदलू या. ज्याला ऊस कमी करायचा आहे, त्याने काय पेरावे? ताई, सुरुवात तुमच्यापासून.” यात आधीच्या बोलण्याविषयी अंदाज आहे, पण तो फोनवरच्या बोलण्यामुळे जवळपास पक्का होता.

४. वेळेच्या सूचना शब्दशः लिहून ठेवा

पहिल्या रांगेत, सर्व वक्त्यांना सहज दिसेल अशा ठिकाणी, एका स्वयंसेवकाला बसवा. त्याच्याकडे पिवळा आणि लाल असे दोन जाड कागद द्या. एक मिनिट उरले की पिवळा, वेळ संपली की लाल. मोबाइलवर आकडे मोठे करून दाखवण्याचा प्रयोग मी केला आहे. मध्येच फोन आला आणि पडद्यावर स्वयंसेवकाच्या मामाचे नाव झळकले. जाड कागद बरा.

नियम प्रस्तावनेतच, सर्वांसमोर सांगा, म्हणजे वक्त्याइतकेच श्रोतेही त्याचे साक्षीदार होतात. मी असे लिहिले होते: “पहिल्या फेरीत प्रत्येकाला चार मिनिटे आहेत. पिवळा कागद म्हणजे शेवटचे मिनिट. लाल कागद दिसल्यावर मी नाव घेईन. सतरा मिनिटे तुमच्या प्रश्नांसाठी राखली आहेत आणि ती कमी होऊ द्यायची नाहीत.” शेवटच्या वाक्यानंतर टाळ्या येतात. पुढे वक्त्याला थांबवताना त्याच टाळ्यांचा आधार असतो.

त्यानंतर थांबवण्याच्या तीन पायऱ्या येतात. पिवळ्या कागदाला काही बोलू नका, खुर्चीत पुढे सरका आणि माईक उचला. लाल कागदानंतर वाक्य पूर्ण झाले की म्हणा, “सर, हा मुद्दा एका वाक्यात पूर्ण करू या.” तरीही अर्धे मिनिट गेले, तर म्हणा, “सर, इथे थांबवतो. मोजमापाचा हा मुद्दा दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा तुमच्याकडेच येणार आहे.” हे तिसरे वाक्य खरे असले पाहिजे. म्हणून प्रत्येक वक्त्याचे अडण्याचे ठिकाण ओळखून त्यापुढे फेरीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि त्या फेरीत खरोखरच त्याच्याकडे जा. एकदा जरी फसवले, तरी पुढच्या वेळी कोणीही थांबत नाही.

‘एक मिनिट’ म्हणून वक्त्याला अडवू नका. आपल्याला त्यातून ‘थांबा’ म्हणायचे असते, पण वक्ता त्याचा अर्थ आणखी एक मिनिट मिळाले असा घेतो.

कधी बोलायचे, हे मराठी वाक्यच सांगते. आपल्या वाक्याचा शेवट क्रियापदावर होतो: ‘पोहोचत नाही’, ‘द्यावे लागते’, ‘झाले आहे’. त्या क्रियापदानंतर जो श्वास घेतला जातो, तीच फट. मुरलेला वक्ता ती फट ठेवत नाही. तो क्रियापदाला लागूनच ‘आणि’ किंवा ‘तर मग’ म्हणतो, किंवा ‘जाऊन, बघून, विचारून’ अशी साखळी लावतो, ज्यात क्रियापद एक मिनिट येतच नाही. अशा वेळी ‘आणि’ ऐकू आल्याबरोबर त्याचे नाव घ्यावे. नव्या वाक्यात अजून काही सांगून झालेले नसते, म्हणून तेथे तोडलेले बोलणे अर्धवट वाटत नाही. साखळीच्या मध्यात तोडले, तर श्रोत्यांना ते खटकते.

५. उपप्रश्न उत्तराच्या प्रकारावर लिहा

मुख्य प्रश्न लिहिणे सोपे असते. चर्चा सपाट होते ती पहिल्या उत्तरानंतर पुढे काही न विचारल्याने. प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली, उत्तर कोणत्या तीन प्रकारे येऊ शकते ते लिहा आणि प्रत्येकाला एक उपप्रश्न जोडा. शेतकी अधिकाऱ्यांसाठीचे माझे कार्ड असे होते:

मुख्य प्रश्न: “सर, तुमच्या कार्यक्षेत्रात ज्यांनी ठिबक बसवले, त्यांच्याकडे पाण्यात काय फरक पडला?”

- आकडा दिला (‘इतके टक्के पाणी वाचते’): “वाचलेले पाणी कुठे गेले? विहिरीत राहिले, की त्यावर आणखी ऊस लागला?”
- अनुदानाच्या तक्रारीकडे वळले: “अनुदान बाजूला ठेवू. ज्यांनी बसवले, त्यांतल्या एकाचे काय झाले ते सांगा.”
- ‘जनजागृती हवी’ असे म्हणाले: “कोणाला नेमके काय माहीत नाही?”

प्रत्यक्षात त्यांनी आकडा दिला. पहिला उपप्रश्न विचारल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, की बहुतेकांनी क्षेत्र वाढवले. त्या संध्याकाळची ती सर्वांत जास्त चर्चिली गेलेली गोष्ट ठरली, आणि ती मिळाली एका अकरा शब्दांच्या प्रश्नातून.

उपप्रश्नासाठी विषयाची एक-दोन मापे तरी नीट माहीत असावी लागतात. उसाच्या परिसंवादात कोणी तरी एकरी उत्पादन सांगणारच. तेव्हा विचारायचा उपप्रश्न तीन शब्दांचा आहे: “आडसाली की सुरू?” आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि तो साधारण बारा महिन्यांत तुटतो. समजा, एकाने एकरी ८० टन आडसाली ऊस सतरा महिन्यांत काढला आणि दुसऱ्याने ५५ टन सुरू ऊस बारा महिन्यांत. टनांत पंचवीसचा फरक दिसतो, पण महिन्याला भागले तर पहिला ४.७ आणि दुसरा ४.६ येतो, म्हणजे जवळपास सारखेच. पाण्याची चर्चा असेल, तर रान किती महिने पाणी पीत होते, हे विचारल्याशिवाय टनाच्या आकड्याला अर्थ नाही. हा हिशेब संवादकाने मांडून दाखवायचा नाही. उपप्रश्न विचारायचा आणि वक्त्याला मांडू द्यायचा.

काही खुलासे मात्र संवादकानेच करावेत, कारण वक्ते ते गृहीत धरतात. ‘टीएमसी’ हा शब्द पहिल्यांदा आला, की मी वाचण्यासाठी एक ओळ ठेवली होती: “एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लीटर.” तशाच दोन गोष्टी एका वेगळ्या कार्डावर होत्या. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम द्यावी, असे ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आणि २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात बारमाही पिकांना, अधिसूचित क्षेत्रात, ठिबक किंवा तुषार असेल तरच कालव्याचे पाणी देण्याची तरतूद आहे. या नोंदी वक्त्याला खोडण्यासाठी नव्हत्या, “ही तरतूद असताना तुमच्या कालव्यावर काय घडते?” एवढे विचारण्यासाठी होत्या. ज्या गोष्टीची पूर्ण खात्री नाही, ती या कार्डावर येता कामा नये. सभागृहात चूक दाखवणारा माणूस असतोच.

उपप्रश्न लिहिताना दोन खोडी टाळा. पहिली, एका प्रश्नात ‘आणि’ घालून दोन प्रश्न विचारण्याची. वक्ता त्यांतल्या सोप्याचे उत्तर देतो आणि अवघड प्रश्न हरवतो. दुसरी, ‘असे तुम्हाला वाटत नाही का?’ ही रचना. तो प्रश्न नसतो, आपले मत असते. ‘किती’, ‘कधी’, ‘कोणी’, ‘त्यानंतर काय झाले’ यांनी विचारलेले प्रश्न आखूड राहतात आणि उत्तरेही आखूड येतात. विचारून झाले, की मनात तीन अंक मोजेपर्यंत गप्प राहा. शांततेला घाबरून आपणच उत्तर सुचवण्याची सवय सर्वांनाच असते.

एका वक्त्याला एका मुद्द्यावर दोनपेक्षा जास्त उपप्रश्न विचारू नयेत. तिसऱ्याला उलटतपासणीचा सूर येतो, आणि सभागृह पाहुण्याच्या बाजूने होते.

६. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठीही वाक्ये लागतात

माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या, प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात देऊ नका. आरंभी एवढे सांगा: “नाव, गाव आणि एकच प्रश्न. कोणाला विचारायचा तेही सांगा.” तरी भाषण सुरू होतेच. त्यासाठीचे वाक्य असे: “तुमच्या बोलण्यातला प्रश्न मला असा समजला, की खोडव्याला ठिबकचा खर्च परवडतो का. ताई, तुम्ही सांगा.” त्यांचा प्रश्न तुम्ही मांडून दिला, की माणूस दुखावत नाही आणि बसतो. मात्र त्याने खरोखर काय म्हटले ते ऐकलेले असले पाहिजे, म्हणजे पेन्सिल येथेही चालू ठेवावी लागते.

चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवण्याची पद्धत शहरात चालते. आमच्याकडे चिठ्ठ्या आल्या त्यांतल्या निम्म्या पाण्याच्या पाळीच्या अर्जासारख्या होत्या.

पहिला हात वर यायला वेळ लागतो. म्हणून एक प्रश्न स्वतःजवळ ठेवावा, आणि कोणी उठेपर्यंत तो विचारावा. ओळखीच्या माणसाला आधी प्रश्न देऊन ठेवण्याचा प्रकार गावात लपत नाही.

७. संहिता कार्डांवर उतरवा

ए-फोर कागद माईकजवळ खडखडतो आणि पंख्याने उडतो. हाताच्या पंजाएवढी जाड कार्डे घ्या, एकाच बाजूला लिहा, क्रमांक टाका आणि कोपऱ्यात भोक पाडून सैल दोरा ओवा, म्हणजे पडली तरी क्रम बिघडत नाही. अक्षर इतके मोठे ठेवा, की कार्ड मांडीवर असतानाही वाचता येईल. जवळ काय हवे, ते असे:

- वेळेचा कागद, उजवी बाजू कोरी
- दुव्यांची आणि उपप्रश्नांची कार्डे, आणि मापांचे एक वेगळे कार्ड
- वक्त्यांची नावे, हाका आणि पदे, त्यांनी स्वतः तपासलेली
- दोन पेन्सिली (पेन उन्हाळ्यात नेमके त्या वेळी अडते)
- हातातले घड्याळ, काढून समोर ठेवलेले
- पिवळा आणि लाल कागद
- छापील पत्रिकेची एक प्रत, कारण त्यातली नावांची चूक ऐन वेळी कोणी तरी दाखवतोच

ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला चौघे ज्या क्रमाने बसणार आहेत तो क्रम लिहून द्या. पहिल्या फेरीचा क्रम आणि बसण्याचा क्रम एकच ठेवला, तर माईक हातोहात पुढे जातो.

८. एकदा मोठ्याने तालीम करा

घरच्या कोणाला तरी समोर बसवा आणि त्यांना मुद्दाम वाईट उत्तरे द्यायला सांगा: लांबण लावा, प्रश्न टाळा, आकडा माप न सांगता द्या. माझ्या बहिणीने अभियंत्यांची भूमिका इतकी मन लावून केली, की ‘एका वाक्यात पूर्ण करू या’ हे वाक्य तोंडात बसायला तीन वेळा म्हणावे लागले. मनात वाचलेले वाक्य तोंडातून वेगळे निघते. जे अडखळते ते तेथेच बदला. ‘सद्यःस्थितीत’ऐवजी ‘सध्या’ केले, की बरीच कार्डे सुधारतात.

समारोपासाठी चौघांना एकच प्रश्न ठेवा, आणि तो फोनवर आधी सांगा, नाहीतर प्रत्येक जण पहिल्या फेरीतले भाषण पुन्हा करतो. आमचा होता: “पुढच्या आवर्तनाच्या आधी तुम्ही स्वतः करणार आहात अशी एक गोष्ट.” त्यानंतरचे तुमचे शेवटचे वाक्य फक्त हस्तांतराचे असावे: आभार कोण मानणार त्याचे नाव, आणि माईक त्याच्याकडे.

चर्चा ७.१६ ला संपली, ठरल्यापेक्षा तीन मिनिटे उशिरा. घरी गेल्यावर वेळेच्या कागदावर प्रत्येक टप्प्याची खरी वेळ लिहून काढली. पहिल्या फेरीत अभियंता साडेपाच मिनिटे बोलले होते, ताई तीनच. त्या कागदाच्या मागे मी एवढेच लिहून ठेवले, की पुढच्या वेळी त्यांना पहिल्यांदा बोलू द्यायचे आणि सरांना चौथे.